कुणासाठी, कुठे, किती महिने : नॉन-कॉम्पीटचे कलम नव्याने लिहिताना

वाचकाचे पत्र

प्रयोगशाळांसाठी अचूक वजनकाटे विकणाऱ्या आणि त्यांची देखभाल करणाऱ्या एका कंपनीत मी विक्री अभियंता म्हणून रुजू होणार आहे. तीन जिल्हे आणि सुमारे साठ ग्राहक माझ्याकडे असतील. करारात असे कलम आहे : ‘नोकरी सोडल्यानंतर तीन वर्षे कर्मचारी देशात वा परदेशात, कंपनीच्या किंवा समूहातील कोणत्याही कंपनीच्या सध्याच्या वा भविष्यातील व्यवसायाशी स्पर्धा करणाऱ्या कोणत्याही व्यवसायात, प्रत्यक्ष वा अप्रत्यक्षपणे, कोणत्याही स्वरूपात सहभागी होणार नाही वा हितसंबंध ठेवणार नाही.’ मी हरकत घेतली. एचआरचे म्हणणे असे, की कलम काढता येणार नाही, पण बदल हवे असतील तर ते लेखी सुचवा. आठवड्याची मुदत आहे. याच क्षेत्रात मी आधी सहा वर्षे काम केले आहे. मी नेमके काय लिहून देऊ?

उत्तर

सप्रेम नमस्कार.

तुमच्या जागी असलेले बहुतेक जण वर्षांच्या आकड्यापासून सुरुवात करतात. तीनाचे दोन करा, दोनाचे एक करा अशी घासाघीस होते आणि एका वर्षावर तडजोड झाली की दोघांनाही समाधान वाटते. पण ‘कोणत्याही व्यवसायात, कोणत्याही स्वरूपात’ हे शब्द तसेच राहिले, तर ते एक वर्षसुद्धा तुम्हाला घरी बसवणारे ठरते. म्हणून आकडा तूर्त बाजूला ठेवा आणि एका प्रश्नाचे उत्तर कागदावर लिहा : तुम्ही कंपनी सोडाल त्या दिवशी तुमच्या डोक्यात असे काय असेल, जे खरोखर कंपनीचे आहे आणि जे स्पर्धकाच्या हाती लागले तर कंपनीचे नुकसान होईल?

तुमच्या कामात अशा तीन गोष्टी दिसतात. कोणत्या ग्राहकाला किती सवलत दिली जाते, हे तुम्हाला ठाऊक असेल. कोणाचा वार्षिक देखभाल करार कोणत्या महिन्यात संपतो, हेही ठाऊक असेल. आणि त्या साठ ठिकाणच्या खरेदी अधिकाऱ्यांशी तुमचा परिचय असेल, जो कंपनीच्या पगारावर आणि कंपनीच्या नावाने झालेला असेल. वजनकाटा कसा जुळवावा, कॅलिब्रेशन कसे करावे, ग्राहकाशी कसे बोलावे हे मात्र तुमचे स्वतःचे कौशल्य आहे आणि त्यावर कंपनीला हक्क सांगता येत नाही. इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने १९१६ साली हर्बर्ट मॉरिस विरुद्ध सॅक्सेल्बी या खटल्यात हाच भेद केला. यारी आणि उचलयंत्रे बनवणाऱ्या कंपनीने आपल्या अभियंत्यावर सात वर्षे, संपूर्ण ब्रिटन आणि आयर्लंडसाठी बंदी घातली होती. व्यवसायाची गुपिते आणि ग्राहकसंबंध जपण्यासाठी बंदी घालता येते, पण माणसाने कामातून मिळवलेले कौशल्य वापरू नये म्हणून ती घालता येत नाही, असे सांगून ते कलम नाकारण्यात आले.

पुढे जाण्याआधी करारातले ‘लागू कायदा’ हे कलम उघडून पाहा, कारण देशागणिक उत्तर बदलते. इंग्लंडमध्ये आणि तिथली परंपरा मानणाऱ्या अनेक देशांत बंदी वाजवी असेल तर टिकते. जर्मनीत ती जास्तीत जास्त दोन वर्षांची असू शकते आणि त्या काळात मालकाने आधीच्या मेहनतान्याच्या किमान निम्मी रक्कम द्यावी लागते. कॅलिफोर्नियात नोकरदारावरची अशी बंदी मुळातच निरर्थक ठरते. भारतीय करार कायदा, १८७२ लागू असेल, तर कलम २७ मुळे नोकरी संपल्यानंतरची बंदी, ती कितीही वाजवी असली तरी, सर्वसाधारणपणे अंमलात आणता येत नाही. नोकरी चालू असतानाची बंदी आणि गोपनीयतेचे बंधन या वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या टिकू शकतात. ‘कोर्टात टिकणार नाही, मग सही करून टाकू’ असा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईल. तो मानू नका. टिकू न शकणारे कलमही नव्या कंपनीच्या एचआरला घाबरवायला पुरेसे असते. वकिलाची एक नोटीस गेली की हातात आलेले ऑफर लेटर मागे घेतल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत. शिवाय करार दुसऱ्या देशाच्या कायद्याखाली असेल, तर तो आधारही नाहीसा होतो.

आता कलमाकडे वळू. सर्वांत जास्त काम व्याप्तीवर करावे लागेल, म्हणून तिथूनच सुरुवात करा. ‘स्पर्धा करणाऱ्या कोणत्याही व्यवसायात’ हे शब्द कंपनीकडे पाहतात, तुमच्या कामाकडे पाहत नाहीत. त्या शब्दांप्रमाणे स्पर्धक कंपनीत तुम्ही प्रशिक्षण विभागात गेलात तरी भंग होतो, आणि त्या कंपनीने बनवलेली पूर्णपणे वेगळी उपकरणे विकलीत तरीही होतो. कंपनीचे हित मात्र फक्त एका परिस्थितीत दुखावते : तुम्ही त्याच प्रकारची उत्पादने, त्याच ग्राहकांना, तशाच भूमिकेतून विकता तेव्हा. म्हणून बंदी उत्पादने आणि भूमिका अशा दोन्ही बाजूंनी बांधून घ्या. उत्पादनांची यादी परिशिष्टात नावानिशी द्या आणि तीत तुम्ही शेवटच्या १२ महिन्यांत स्वतः विकलेली किंवा ज्यांच्या विक्रीवर देखरेख केली अशीच उत्पादने मोजली जातील, असे लिहा. ‘भविष्यातील व्यवसाय’ आणि ‘समूहातील कोणतीही कंपनी’ हे दोन्ही शब्दप्रयोग काढा. समूहातली एखादी कंपनी उद्या औषधनिर्मितीत उतरली, तर तिच्याशी तुमचा काही संबंध नसताना तुमची बंदी तिच्याबरोबर वाढत जाईल.

‘हितसंबंध ठेवणार नाही’ हा शब्दप्रयोग निरुपद्रवी दिसतो. तसा तो नाही. टिलमन विरुद्ध एगॉन झेंडर या खटल्यात २०१९ साली ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयापुढे नेमका हाच मुद्दा आला होता. तिथली बंदी फक्त सहा महिन्यांची होती, पण ‘हितसंबंध’ या अर्थाच्या शब्दामुळे स्पर्धक कंपनीचे थोडेसे शेअर बाळगणेही निषिद्ध ठरत होते. न्यायालयाने तेवढा शब्द खोडला आणि बाकीचे कलम टिकवले. तुमच्या दृष्टीने यातली शिकवण वेगळी आहे : तो शब्द खोडला गेला तो सर्वोच्च न्यायालयात, तीन पातळ्यांच्या लढाईनंतर. तुम्ही तो सहीच्या आधी पेनाने खोडू शकता. सूचिबद्ध कंपनीतील ३ टक्क्यांपर्यंतची गुंतवणूक चालेल, एवढे एक वाक्य त्यासाठी पुरते.

क्षेत्राच्या बाबतीत अनेकांची समजूत असते, की ते नेहमी नकाशावरच मोजायचे. दंतवैद्याचा दवाखाना किंवा शिकवणीचा वर्ग असेल तर ते योग्यच आहे, कारण तिथे ग्राहक जवळपासचाच असतो. तसे करायचे झाले तर ‘५० किलोमीटरच्या परिसरात’ एवढे लिहून भागत नाही. माझ्याकडे आलेल्या एका करारात ‘कंपनीच्या कार्यालयापासून ५० किलोमीटर’ असे लिहिले होते आणि कंपनीची कार्यालये चार होती. कोणत्या कार्यालयापासून, रस्त्याने की सरळ रेषेत, आणि नोकरी सोडताना त्या कार्यालयाचा पत्ता बदललेला असेल तर काय, यातल्या एकाचेही उत्तर त्या कागदावर नव्हते, आणि दोन्ही बाजूंचा वर्षभराचा पत्रव्यवहार त्या एका ओळीवर खर्ची पडला. तुमचे काम मात्र ग्राहकांशी बांधलेले आहे, म्हणून तुम्ही जिल्ह्यांची नावे लिहा आणि बंदी ‘त्या जिल्ह्यांत असलेल्या ग्राहकांना विक्री करण्यापुरती’ ठेवा. ‘त्या जिल्ह्यांत काम करणार नाही’ असे लिहिले, तर तुमचे घर किंवा नव्या कंपनीचे मुख्यालय त्या जिल्ह्यात असले तरी अडचण होईल, मग तुमचे सगळे ग्राहक दूर कुठेतरी असोत. विक्रीचे काम हल्ली अर्धे फोनवर आणि पडद्यावर होते, तेव्हा तुम्ही कुठे बसता याला फारसा अर्थ उरलेला नाही; ग्राहक कुठे आहे हेच पाहावे.

प्रत्यक्ष काम केलेल्या जागेपलीकडे क्षेत्र पसरले की काय होते, याचे एक जुने आणि स्पष्ट उदाहरण आहे. १९१३ सालच्या मेसन विरुद्ध प्रॉव्हिडंट या खटल्यातला माणूस घरोघर फिरून उधारीवर माल विकत असे आणि त्याचा फिरण्याचा भाग लंडनच्या एका छोट्या तुकड्यापुरता होता. त्याच्यावर बंदी होती ती लंडनपासून २५ मैलांच्या आत तीन वर्षे. ते कलम टिकले नाही. तुमचे तीन जिल्हे आणि करारातले ‘देशात वा परदेशात’ यांतले अंतर त्याहून किती मोठे आहे, ते एचआरला दाखवायला हरकत नाही.

मुदत आता आपोआप ठरते, कारण माहिती किती काळ ताजी राहते तेवढाच काळ बंदीला आधार असतो. कंपनी दरपत्रक किती महिन्यांनी बदलते, ते विचारा. सहा महिन्यांनी बदलत असेल, तर सहा महिन्यांनंतर तुमच्या डोक्यातले दर शिळे होतात आणि विक्रीवरच्या बंदीला सहा महिने पुरतात. देखभाल करार वर्षाचे आहेत, म्हणून प्रत्येक ग्राहकाचे नूतनीकरण एकदा तुमच्या जागी आलेल्या माणसाच्या हातून होईपर्यंत, म्हणजे १२ महिने, जुन्या ग्राहकांना ओढून न नेण्याचे बंधन समजण्यासारखे आहे. अशा दोन वेगवेगळ्या बंधनांना दोन वेगवेगळ्या मुदती द्या आणि ती दोन स्वतंत्र परिच्छेदांत लिहा. मुदत कोणत्या दिवसापासून मोजायची, तेही लिहा. राजीनाम्यानंतर कंपनीने तुम्हाला पगार देऊन दोन महिने घरी बसवले, ज्याला गार्डन लीव्ह म्हणतात, तर ते दोन महिने सहातून वजा झाले पाहिजेत. नाहीतर तुमच्या सहाचे आठ होतात.

ही बंदी कोणत्या प्रसंगी लागू होईल, हा प्रश्न बहुतेक करारांत अर्धवटच सोडलेला असतो. तुमच्या कलमात ‘नोकरी सोडल्यानंतर’ असे आहे. भारताच्या सर्वोच्च न्यायालयापुढे १९८० साली सुपरिंटेंडन्स कंपनी विरुद्ध कृष्ण मुरगई या प्रकरणात ‘सोडणे’ या अर्थाच्या एका शब्दावरच निकाल फिरला. कंपनीने त्या कर्मचाऱ्याला स्वतः कामावरून कमी केले होते, आणि बहुमताने असे ठरवले, की ‘सोडणे’ म्हणजे स्वतःहून सोडणे, म्हणून ती बंदी त्याला लागूच होत नाही. तिसऱ्या न्यायमूर्तींनी वेगळी वाट धरून कलम २७ खाली ती बंदीच निरर्थक ठरवली. एवढा मोठा वाद एका क्रियापदावर चालू शकतो, म्हणून तुम्ही ते क्रियापद मोकळे सोडू नका. राजीनामा दिला तर लागू, सिद्ध झालेल्या गैरवर्तनामुळे काढले तर लागू, आणि कंपनीने कामगारकपात केली, पद रद्द केले किंवा पगार थकवला तर लागू नाही, असे स्पष्ट लिहून घ्या.

या सगळ्याचे मिळून जे कलम होते ते असे. हा मसुदा आहे आणि सहीपूर्वी तुमच्या भागातल्या कामगार कायद्याच्या वकिलाला तो एकदा दाखवा.

‘१. कर्मचाऱ्याने राजीनामा दिल्यास किंवा चौकशीअंती सिद्ध झालेल्या गैरवर्तनामुळे त्याची सेवा संपवल्यास, सेवा संपल्याच्या दिवसापासून ६ महिने कर्मचारी परिशिष्ट ‘अ’मधील जिल्ह्यांत असलेल्या ग्राहकांना, परिशिष्ट ‘ब’मधील प्रकारची उत्पादने, इतर कोणत्याही व्यवसायाच्या वतीने किंवा स्वतःसाठी विकणार नाही आणि अशा विक्रीवर देखरेख करणार नाही. परिशिष्ट ‘ब’मधील ज्या उत्पादनांची विक्री त्याने शेवटच्या १२ महिन्यांत स्वतः केली किंवा जिच्यावर देखरेख केली, तेवढीच उत्पादने मोजली जातील.

२. याच प्रसंगी, सेवा संपल्याच्या दिवसापासून १२ महिने कर्मचारी अशा ग्राहकांशी परिशिष्ट ‘ब’मधील उत्पादनांच्या विक्रीसाठी किंवा देखभाल करारासाठी आपणहून संपर्क साधणार नाही, ज्यांच्याशी त्याने शेवटच्या १२ महिन्यांत कंपनीच्या वतीने स्वतः व्यवहार केला होता. परिशिष्ट ‘क’मधील ग्राहक यातून आणि परिच्छेद १ मधून वगळले आहेत.

३. सूचनाकाळात कंपनीने कर्मचाऱ्याला कामापासून दूर ठेवले असल्यास तेवढा काळ दोन्ही मुदतींतून वजा होईल.

४. परिच्छेद १ मधील काळात कंपनी दरमहा शेवटच्या निश्चित मासिक पगाराची निम्मी रक्कम देईल. सलग दोन महिने रक्कम न दिल्यास परिच्छेद १ संपुष्टात येईल. राजीनामा मिळाल्यापासून १५ दिवसांच्या आत लेखी कळवून कंपनी परिच्छेद १ सोडून देऊ शकेल.

५. इतर कोणत्याही कारणाने सेवा संपल्यास परिच्छेद १ आणि २ लागू होणार नाहीत. सूचिबद्ध कंपनीतील ३ टक्क्यांपर्यंतच्या गुंतवणुकीला कोणताही परिच्छेद लागू नाही.’

परिशिष्ट ‘क’ तुम्ही आजच तयार करायला घ्या. सहा वर्षांत ज्या ग्राहकांशी तुमचा स्वतःचा परिचय झाला आहे, ते तुम्ही या कंपनीत येताना सोबत आणत आहात. कंपनीने ते तुम्हाला दिलेले नाहीत. त्यांची नावे रुजू होण्याआधी लिहून घेतली नाहीत, तर दोन वर्षांनी कोणता ग्राहक कुणाचा हे सिद्ध करायला तुमच्याकडे काहीही नसेल. आधीच्या कंपनीच्या गोपनीयतेच्या बंधनाला धक्का न लावता, म्हणजे दर किंवा कराराचे तपशील न देता, केवळ नावे द्या. आधीच्या करारात ग्राहकांची नावेही गोपनीय ठरवली आहेत का, तेही पाहून घ्या.

परिच्छेद २ मध्ये ‘आपणहून संपर्क साधणार नाही’ हे शब्द मी विचारपूर्वक ठेवले आहेत. कंपनी बहुधा तिथे ‘व्यवहार करणार नाही’ असे सुचवेल, कारण कुणी कुणाला आधी फोन केला हे सिद्ध करणे अवघड असते आणि त्यांची ही अडचण खरी आहे. ‘व्यवहार’ हा शब्द आला, तर जुन्या ग्राहकाने स्वतः फोन केला तरी तुम्हाला नाही म्हणावे लागेल. त्या शब्दावर ते अडून बसले, तर बदल्यात परिच्छेद २ चीही मुदत ६ महिन्यांवर आणा. परिच्छेद ४ मधली भरपाई मिळणेही सगळीकडे सोपे नसते. ती नाकारली गेली तर परिच्छेद १ तीन महिन्यांवर आणण्याची मागणी करा. व्याप्ती आणि क्षेत्र मात्र सोडू नका.

मसुदा तयार झाला, की त्याला प्रश्न विचारून पाहा. स्पर्धक कंपनीचे मुख्यालय तुमच्या तीनपैकी एका जिल्ह्यात आहे, पण तुम्हाला ती चौथ्या जिल्ह्यातील ग्राहक देते. हे चालेल का? परिच्छेद १ ग्राहक कुठे आहे हे पाहतो, म्हणून चालेल. स्पर्धक कंपनीत तुम्ही उत्पादन विभागात गेलात, तर? विक्री नाही आणि देखरेखही नाही, म्हणून चालेल. पूर्वी सूक्ष्मदर्शके विकणारी एखादी कंपनी वजनकाटेही विकू लागली आणि तिने तुम्हाला तुमच्याच जिल्ह्यांसाठी घेतले, तर? सहा महिने चालणार नाही, आणि ते योग्यही आहे. मूळ कलमाला हेच प्रश्न विचारले, तर पहिल्या दोन्ही ठिकाणीही ‘नाही’ असेच उत्तर येते. कलमाचा अर्थ वाचणाऱ्या दोघांची उत्तरे वेगळी येऊ लागली, तर तो शब्द अजून मोघम आहे असे समजा आणि तिथे पुन्हा लिहा.

कंपनीचे वकील कधी कधी मध्यममार्ग म्हणून असे वाक्य सुचवतात : ‘तीन वर्षांची मुदत अवैध ठरल्यास दोन वर्षे, तीही अवैध ठरल्यास एक वर्ष.’ ते स्वीकारू नका. ज्या कलमात स्वतःच्याच मुदतीची खात्री नाही, ते वाचून तुम्हाला कोणत्या तारखेपासून मोकळे व्हाल हे कळत नाही, आणि अनेक न्यायालयांनाही अशी संदिग्धता मान्य होत नाही. ‘न्यायालयाने कलम वाजवी करून घ्यावे’ या वाक्यावरही विसंबू नका. इंग्लंडसारख्या ठिकाणी न्यायालय नको असलेले शब्द खोडते, नवे शब्द घालून करार लिहून देत नाही. म्हणूनच वरचे परिच्छेद सुटे ठेवले आहेत, म्हणजे एक पडला तरी दुसऱ्याचा अर्थ शाबूत राहतो.

एचआरला पाठवताना कलमाची मूळ प्रत, बदल दिसणारी प्रत आणि स्वच्छ प्रत अशा तीन प्रती एकाच ईमेलला जोडा, आणि प्रत्येक बदलासमोर एका ओळीत कारण द्या : दरपत्रक सहा महिन्यांनी बदलते म्हणून सहा महिने, ग्राहक तीन जिल्ह्यांत आहेत म्हणून तीन जिल्हे. ते फोनवर ‘तुमच्या बाबतीत आम्ही कधीच हे वापरणार नाही’ असे म्हणाले, तर ते वाक्य करारात घालायला सांगा. बहुतेक करारांच्या शेवटी ‘हाच संपूर्ण करार आहे, आधीची कोणतीही बोलणी ग्राह्य नाहीत’ असे कलम असते आणि त्याच्यापुढे फोनवरच्या शब्दाला काहीच किंमत उरत नाही. सही करताना तिन्ही परिशिष्टांच्या प्रत्येक पानावर दोघांच्या सह्या घ्या आणि एक मूळ प्रत स्वतःकडे ठेवा. पुढे बढती मिळून जिल्हे किंवा उत्पादने बदलली, तर त्या पत्रासोबत परिशिष्टेही नव्याने लिहून घ्या, कारण बढतीच्या पत्रात ‘बाकीच्या अटी पूर्ववत’ एवढीच ओळ असते आणि तिच्यामुळे जुने जिल्हे कागदावर तसेच राहून जातात.